कुस्तीचे चित्र का अडते? निरुपद्रवी मागणी फिल्टरने नाकारल्यावर ती सरळ मार्गाने पुन्हा कशी मांडावी

जत्रांचा हंगाम आला की कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी कुस्तीची मैदाने भरतात, आणि त्यांची हँडबिले व डिजिटल फलक शहरातल्या छपाईच्या दुकानांत तयार होतात. माझे काम तेच आहे. जोडीतल्या पैलवानांचे फोटो मंडळ देते, पण मागे मैदानाचे चित्र हवे असते आणि ते अलीकडे आम्ही चित्र तयार करणाऱ्या एआय साधनाकडून काढून घेतो. मागच्या हंगामात एका तालमीचे वस्ताद शेजारी बसलेले असताना मी त्यांच्याच शब्दांत पुढील प्रॉम्प्ट लिहिला.

> कोल्हापूरच्या तालमीतली तरणी पोरं लंगोटावर लाल मातीत झोंबत आहेत, एकाने दुसऱ्याला ढाक मारून अस्मान दाखवले आहे, दोघांचे अंग रक्तासारखे लाल झाले आहे.

चित्र आले नाही. ही मागणी सुरक्षेच्या नियमांत बसत नाही, एवढाच निरोप आला. वस्ताद म्हणाले, "ह्यात वंगाळ काय हाय ओ? कुस्ती म्हटल्यावर अंगाला अंग लागणारच की." त्यांचे म्हणणे बरोबर होते. तरीही नकार का आला हे समजून घेतल्याशिवाय पुढचे पाऊल योग्य पडत नाही, म्हणून आधी कारण पाहू आणि मग दुरुस्ती करू.

नकार नेमका कुठे होतो

आपण एक वाक्य लिहितो आणि एक चित्र येते, एवढेच आपल्याला दिसते. परंतु मध्ये तपासणीच्या, म्हणजे फिल्टरच्या, साधारण तीन जागा असू शकतात. पहिल्या जागी फक्त आपले शब्द तपासले जातात. काही साधनांत शब्दांची यादी असते, काहींत संपूर्ण वाक्याचा कल मोजणारी यंत्रणा असते आणि बहुधा दोन्ही असतात. दुसऱ्या जागी एक भाषा-प्रारूप, म्हणजे मजकूर वाचून मजकूर लिहिणारी एआय यंत्रणा, आपले वाक्य वाचून त्याचे सविस्तर वर्णन स्वतः लिहिते आणि ते पुढे देते. हे करतानाच ते मागणी नाकारूही शकते. तिसऱ्या जागी चित्र तयार झाल्यानंतर ते आपल्याला दाखवण्याआधी तपासले जाते. तिथे आपण काय लिहिले होते याला महत्त्व नसते, चित्रात काय दिसते याला असते.

नकार कुठल्या जागी झाला हे बऱ्याचदा त्याच्या रूपावरून ओळखता येते. बटण दाबताच क्षणभरात नकार आला, तर शब्दांवर आक्षेप आहे असे समजावे. दोनचार वाक्यांचे समजुतीचे उत्तर आले आणि त्यात दुसरा पर्याय सुचवला असेल, तर तो निर्णय भाषा-प्रारूपाचा आहे. चित्र तयार होत असल्याचे दिसले, थोडा वेळ गेला आणि मग नकार, धूसर चौकट किंवा काळा चौकोन आला, तर आक्षेप तयार झालेल्या चित्रावर आहे. चार चित्रे मागितली आणि तीनच आली, तर चौथे चित्र बहुधा याच शेवटच्या जागी अडकलेले असते.

शेवटच्या जागेची तपासणी कशी चालते याचे एक उदाहरण सर्वांसाठी खुले आहे. स्टेबल डिफ्यूजन हे चित्रे काढणारे प्रारूप २०२२ साली जाहीर झाले, तेव्हा त्यासोबत चित्रे तपासणारी एक छोटी यंत्रणाही दिली होती. ते प्रारूप आपल्या संगणकावर चालवणाऱ्यांना पुढील संदेश आजही परिचयाचा आहे.

```
Potential NSFW content was detected in one or more images. A black image will be returned instead. Try again with a different prompt and/or seed.
```

चित्रात अश्लीलतेची शक्यता वाटल्यामुळे त्याऐवजी काळे चित्र देत आहोत, असा त्याचा अर्थ. ही यंत्रणा चित्राचे आकड्यांच्या ओळीत रूपांतर करते आणि ती ओळ आधीच ठरवलेल्या १७ कल्पनांच्या ओळींशी किती जुळते हे मोजते. एखाद्या कल्पनेशी असलेली जवळीक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की चित्र काळे होते. याखेरीज तिच्यात आणखी तीन कल्पना आहेत. त्यांच्याशी चित्र जुळले तर ते लगेच अडवले जात नाही, पण बाकीच्या सर्व कल्पनांची मर्यादा कडक केली जाते. या यंत्रणेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असे दिसले की या तीन कल्पना लहान वयाच्या व्यक्तींशी संबंधित आहेत. म्हणजे चित्रात मूल आहे असा भास झाला, तरी एरवी सहज पार झाले असते असे चित्र अडते. याच अभ्यासातून असेही पुढे आले की ही विशिष्ट यंत्रणा लैंगिक आशयच तपासते, हिंसा तपासत नाही. इतर साधनांत हिंसेसाठी वेगळी तपासणी असते.

आता कुस्तीच्या चित्राकडे या नजरेने पाहावे. उघडे अंग आहे, दोन देह एकमेकांना भिडलेले आहेत, अंगावर ओलसर लाल रंग आहे आणि वय स्पष्ट नाही. यातली एकेक गोष्ट स्वतंत्रपणे मर्यादेच्या आत असते. चारही एकत्र आल्या की चित्राची एखाद्या अडवणाऱ्या कल्पनेशी जवळीक मर्यादेपलीकडे जाऊ शकते. यंत्रणेला कुस्तीची परंपरा ठाऊक नसते, तिला फक्त जवळीक मोजता येते. मर्यादा सैल केली तर खरोखर वाईट चित्रे सुटतात, म्हणून ती मुद्दाम थोडी कडक ठेवलेली असते, आणि त्या कडकपणाचा भार कधीकधी आपल्यासारख्यांच्या कामावर येतो.

वाक्यातले कुठले शब्द अडवतात

माझ्या मूळ वाक्यात सर्वांत मोठी अडचण करणारा शब्द होता "पोरं". आपल्याकडे पंचविशीतल्या पैलवानालाही वस्ताद "माझं पोरगं" म्हणतात आणि जिंकलेल्या संघाला आपण "आपली पोरं" म्हणतो. परंतु हे वाक्य वाचणारे प्रारूप तो शब्द बालक या अर्थाने घेते, आणि उघड्या अंगाच्या वर्णनाशेजारी बालक आले की बहुतेक सर्व साधने थांबतात. त्यांनी थांबलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. काही साधनांत तर मूळ मांडणीच अशी असते की माणूस काढायचा तर प्रौढच काढायचा. गूगलच्या इमॅजेन प्रारूपात यासाठी `personGeneration` नावाची सेटिंग आहे आणि तिचे एक मूल्य `allow_adult` असे आहे.

दुसरा शब्द "मारून". मराठीत ढाक मारतात, कुस्ती मारतात, मैदान मारतात आणि गप्पाही मारतात. हे वाक्य आतल्या आत इंग्रजीच्या अंगाने समजून घेतले गेले, तर "मारणे" या क्रियापदाला तिथे प्रहार करणे किंवा जीव घेणे यांच्या जवळचा अर्थ चिकटू शकतो. "लोळवला", "गळपट्टीला धरला", "उताणा पाडला" ही वाक्ये आपल्याला कुस्तीची वाटतात, पण संदर्भ न दिल्यास ती मारामारीची ठरतात. तिसरा शब्द "रक्तासारखे". उपमेत आलेले रक्तही यंत्रणेच्या लेखी रक्तच असते; शिवाय चित्र काढणारे प्रारूप उपमा अक्षरशः घेऊन अंगावर रक्त दाखवू शकते. "झोंबत" या शब्दाला खेळाचा संदर्भ नसेल तर त्याचे काय व्हायचे ते उघड आहे.

"लंगोट" हा शब्द मला सुरुवातीला सर्वांत संशयास्पद वाटला होता. अनुभव वेगळा आला. प्रौढ पैलवान आणि खेळ हे दोन्ही स्पष्ट असतील तर तो शब्द बऱ्याच वेळा चालतो, मात्र चित्रात कपडा इतका तोकडा येतो की शेवटच्या जागी नकार मिळतो.

दुरुस्तीची रीत

पहिली गोष्ट म्हणजे काहीही न बदलता तीच मागणी आणखी एकदाच पाठवावी. प्रत्येक वेळी चित्र वेगळ्या यादृच्छिक सुरुवातीपासून तयार होते, त्यामुळे चित्रावरचा आक्षेप दुसऱ्या खेपेस नसूही शकतो. दुसऱ्यांदाही नकार आला तर थांबावे. पुन्हा पुन्हा तेच पाठवणे व्यर्थ असते, आणि काही सेवांमध्ये वारंवार नाकारलेल्या मागण्यांमुळे खात्यावर निर्बंधही येतात.

त्यानंतर वाक्य तोडून दोष शोधण्यापेक्षा अगदी छोट्या, निर्विवाद वाक्यापासून सुरुवात करून एकेक तपशील वाढवावा. मी पहिल्यांदा फक्त मैदान मागितले: गोलाकार मैदान, मध्ये लाल मातीचा हौदा, भोवती उतरत्या मातीच्या पायऱ्यांवर बसलेले प्रेक्षक, दुपारचे ऊन. हे लगेच मिळाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही बैठक डोळ्यांसमोर आणायला सांगावे लागत नाही, पण प्रारूपाला सांगावे लागते. नाहीतर ते सरळ दोऱ्यांची चौकोनी रिंग काढून मोकळे होते. मग मी दोन पैलवान घातले, मग त्यांची स्थिती, मग माती. ज्या तपशिलापाशी नकार येईल तोच तपशील अडचणीचा, हे इतक्या सरळपणे कळते की अंदाज करत बसावे लागत नाही.

तिसरी गोष्ट या कामाचा गाभा आहे. म्हणी, उपमा आणि डावांची नावे बाजूला ठेवून कॅमेऱ्याला जे दिसले असते तेच लिहावे. "ढाक मारून अस्मान दाखवले" या वाक्यातून दृश्य कळत नाही, निकाल कळतो. दृश्य लिहायचे तर कोण कुठे उभा आहे, हात कुठे आहेत, भार कुठल्या पायावर आहे, किती अंतरावरून पाहिले जात आहे आणि काय घातले आहे हे लिहावे लागते. असे लिहिताना संदिग्ध शब्द आपोआप गळतात आणि चित्रही चांगले येते, कारण डावाचे नाव प्रारूपाला बहुधा कळतच नसते.

वय आकड्यात द्यावे. "तरुण" हा शब्द पुरेसा नाही. "वय सुमारे तीस, मिशा असलेला, रुंद बांध्याचा प्रौढ पैलवान" असे लिहिले की शंकेला जागा राहत नाही. अर्थात हे तेव्हाच लिहावे, जेव्हा आपल्याला खरोखर प्रौढच हवा आहे.

मातीचा रंग सांगताना मातीचाच शब्द वापरावा. हौद्यातली माती ही काव, तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेली असते आणि ती अंगाला विटकरी थरासारखी लागते. "खांद्यावर आणि दंडावर कोरडी, विटकरी रंगाची माती" या वर्णनात रक्ताचा भास होत नाही आणि ते "रक्तासारखे लाल" यापेक्षा खरेही आहे. "कोरडी" हा शब्द मी आवर्जून घालतो, कारण ओली चकाकणारी लाल छटा चित्र तपासणाऱ्या यंत्रणेला जखमेसारखी वाटू शकते.

मूळ मागणीचे दुरुस्त रूप

एवढे झाल्यावर मी वस्तादांना विचारले की हँडबिलावर चीतपटीचाच क्षण हवा आहे का. त्यांनी थोडा विचार करून सलामी सुचवली. कुस्ती लागताना दोघे मूठभर माती घेतात, एकमेकांच्या हातात हात देतात आणि मग भिडतात. मैदानाच्या जाहिरातीसाठी हा क्षण अधिक योग्य आहे, कारण निकाल अजून लागायचा आहे. त्यात देहांमध्ये अंतर असते, म्हणून फिल्टरची अडचणही कमी होते, पण निवड मुळात चांगल्या चित्रासाठी झाली होती. वाक्य असे झाले.

> पारंपरिक भारतीय मातीतील कुस्तीचा सामना, क्रीडा छायाचित्राच्या शैलीत. सुमारे तीस वर्षे वयाचे, मिशा असलेले दोन प्रौढ पैलवान गोल मैदानाच्या मध्यभागी समोरासमोर उभे राहून सामना सुरू होण्याआधी हात मिळवत आहेत. दोघांनी मांडीच्या मध्यापर्यंत येणारी गडद रंगाची कुस्तीची चड्डी घातली आहे. खांद्यावर आणि दंडावर कोरडी, विटकरी रंगाची माती लागलेली आहे. शेजारी फेटा बांधलेले वयस्क पंच उभे आहेत, एका बाजूला हलगी वाजवणारा माणूस आहे. मागे मातीच्या पायऱ्यांवर शेकडो प्रेक्षक. दुपारचे ऊन, लांबून घेतलेले पूर्ण दृश्य.

हे पहिल्याच खेपेस मिळाले. यातल्या तीन गोष्टी अधिक काम करतात. खेळाचे नाव अगदी आरंभी आले, त्यामुळे पुढचे उघडे अंग त्या प्रकाशात वाचले गेले. पंच, हलगीवाला आणि प्रेक्षक आल्यामुळे हा सार्वजनिक सामना आहे हे चित्रातूनही दिसले, नुसते वाक्यातून नव्हे. आणि लांबून घेतलेल्या दृश्यामुळे चौकटीचा मोठा भाग मैदानाने व्यापला, देहांनी नव्हे. शेवटच्या जागच्या तपासणीसाठी माझ्या अनुभवात हाच बदल सर्वांत उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष डावाचे चित्र हवेच असेल तर याच चौकटीत फक्त स्थिती बदलावी: "एक पैलवान वाकून दुसऱ्याच्या दंडाला पकडून त्याला खांद्यावरून फिरवत आहे, दोघांचे चेहरे एकाग्र आहेत, पंच जवळून पाहत आहेत." गळा, मान, दाबणे, चिरडणे हे शब्द इथे गरजेचे नाहीत, कारण या स्थितीत तसे काही मुळात दिसतच नाही.

चित्र मिळाल्यावर ते तपासणेही याच कामाचा भाग आहे. फिल्टरमधून पार होण्याच्या नादात चित्र भलतेच होऊ शकते. एकदा माझ्याकडे पैलवानांच्या अंगात मॅटवरच्या कुस्तीचा घट्ट गणवेश आला, एकदा पंचांच्या डोक्यावर राजस्थानी पगडी आली आणि एकदा हलगीच्या जागी ढोलकी आली. कोल्हापुरातला माणूस हे पहिल्या नजरेत ओळखतो आणि हँडबिल बाजूला ठेवतो. अशा वेळी चुकलेला तपशीलच दुरुस्त करावा: "हाताच्या पंज्याएवढ्या काठाचे, चपटे, एका बाजूला चामडे असलेले गोल वाद्य, दोन काड्यांनी वाजवलेले" असे लिहिल्यावर हलगी बऱ्यापैकी हलगीसारखी आली.

सरळ मार्ग कुठे संपतो

शब्द बदलणे आणि शब्द लपवणे यांत फरक आहे. आपल्याला जे हवे आहे ते अधिक खरे आणि अधिक स्पष्ट लिहिणे योग्य आहे. अक्षरांमध्ये मोकळ्या जागा सोडणे, मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करणे, रक्ताला सरबत म्हणणे किंवा मुलाच्या वर्णनापुढे खोटे वय लिहिणे हे फिल्टर चुकवणे आहे, आणि ते करू नये. मी स्वतःपुरती एक कसोटी ठेवली आहे: माझे वाक्य आणि आलेले चित्र दोन्ही साधन बनवणाऱ्याला शेजारी ठेवून दाखवले, तर त्यात फसवणूक वाटेल का? वाटणार असेल तर ते वाक्य पाठवत नाही.

याच तालमीला दुसरे एक चित्र हवे होते. दहा-बारा वर्षांची मुले पहाटे लंगोटावर जोर मारताना दाखवायची होती. प्रत्यक्ष तालमीत हे दृश्य रोजचे आणि पवित्र मानलेले आहे. तरीही मी त्यासाठी एआयकडे एकही मागणी पाठवली नाही आणि कुणीही पाठवू नये असे मला वाटते. अल्पवयीन आणि अल्पवस्त्र या दोन गोष्टी एकत्र आल्यावर साधन नकार देते, तेव्हा तिथे शब्दरचनेची चूक नसते. ती ओळ मुद्दाम आखलेली असते. आम्ही मुलांना टी-शर्ट आणि हाफ पँट घालून वस्तादांभोवती बसवले, पालकांची परवानगी घेतली आणि खऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढला.

ओळखीच्या व्यक्तीच्या चेहऱ्याचेही तसेच. हयात पैलवानाचा किंवा पुढाऱ्याचा चेहरा साधनाने नाकारला, तर वर्णनातून तोच चेहरा काढून घेण्याचा प्रयत्न करू नये. मंडळाकडून फोटो मागावा. शाहू महाराजांसाठी आमच्याकडे जुनी छायाचित्रे आहेत, तिथे एआयचा चेहरा वापरणे मला आदरालाही धरून वाटत नाही.

इतर गोष्टी याच रीतीने सुटतात, म्हणून त्या थोडक्यात सांगतो. खानावळीच्या फलकासाठी तांबडा रस्सा मागताना "रक्तासारखा लाल" ऐवजी "तिखटाची लाल तर्री आलेला मटणाचा रस्सा, पितळी वाटीत" असे लिहावे. मर्दानी खेळाच्या चित्रात दांडपट्ट्याचा उल्लेख करताना प्रात्यक्षिक, मोकळे अंगण, सुरक्षित अंतरावरचे प्रेक्षक आणि प्रौढ खेळाडू हे आधी लिहावे; "वार" आणि "कापणे" हे शब्द टाळता येतात, कारण प्रात्यक्षिकात कुणालाही वार होत नाही.

हे सर्व करूनही नकार आला तर चौथ्या-पाचव्या प्रयत्नानंतर मी थांबतो. साधनात अभिप्राय देण्याची सोय असेल तर "पारंपरिक खेळाचे चित्र चुकून अडले" एवढे कळवतो आणि माणसांविना मैदानाचे चित्र घेऊन त्यावर मंडळाने दिलेले पैलवानांचे फोटो बसवतो. ज्या वाक्याला चित्र मिळाले ते वाक्य, साधनाचे नाव आणि तारीख एका वहीत लिहून ठेवतो, कारण ही यंत्रणा अधूनमधून बदलते आणि मागच्या जत्रेला चाललेले वाक्य या जत्रेला चालेलच असे नसते. सलामीचे वाक्य त्या वहीत पहिल्या पानावर आहे. त्याखाली वस्तादांनी स्वतःच्या हाताने "पंचाचा फेटा कोल्हापुरीच पाहिजे" असे लिहून ठेवले आहे.